‘नाही’ नेमके कुठे लावायचे?

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या मुलांच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एक साधे विधान फळ्यावर लिहावे: ‘प्रत्येक वास्तव संख्येचा वर्ग धन असतो.’ मग या विधानाचा नकार, म्हणजे निगेशन, वहीत लिहायला सांगावे. दोन उत्तरे हमखास येतात. एक, ‘प्रत्येक वास्तव संख्येचा वर्ग धन नसतो.’ दुसरे, ‘कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग धन नसतो.’ बारावीच्या पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी आहे’ यांची चिन्हे आणि त्यांचे नकार येऊन गेलेले असतात. तरीही ही उत्तरे येतात, कारण तिथे नियम पाठ झालेला असतो. नकाराने काय साधायचे असते, हे मात्र मनात बसलेले नसते.

आधी दुसरे उत्तर पाहू. मूळ विधान खोटे आहे, कारण शून्याचा वर्ग शून्य आणि शून्य धन नाही. आता ‘कोणत्याही संख्येचा वर्ग धन नसतो’ हे तपासा. दोनचा वर्ग चार, तो धन आहे. म्हणजे हेही खोटे. विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी खोटे निघाले, तर तो नकार नव्हेच. नकाराची कसोटी एवढीच आहे: दोहोंपैकी नेमके एक खरे आणि दुसरे खोटे असले पाहिजे, मग परिस्थिती कोणतीही असो. ‘सगळे’ आणि ‘एकही नाही’ ही दोन टोके आहेत आणि त्यांच्यामध्ये ‘काही आहेत, काही नाहीत’ अशी मोठी जागा उरते. ही दोन टोके आणि खरा नकार यांतला फरक अ‍ॅरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून दिला होता. ‘सगळे तसे आहेत’ याचा खरा नकार ‘त्यांतला एक तरी तसा नाही’ हा. आपल्या विधानाचा नकार असा: ‘अशी निदान एक वास्तव संख्या आहे, जिचा वर्ग धन नाही.’ हे विधान खरे आहे आणि ती संख्या शून्य.

पहिल्या उत्तराची अडचण वेगळी आहे. ‘प्रत्येक संख्येचा वर्ग धन नसतो’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘सगळ्यांचाच वर्ग धन असतो असे नाही’ हा एक, आणि ‘एकाचाही नसतो’ हा दुसरा. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी, क्रियापदाला चिकटून येते. ते संपूर्ण वाक्याला लागू आहे की फक्त शेवटच्या तुकड्याला, हे वाक्याच्या बांधणीवरून कळत नाही. ‘आज सगळी दुकाने उघडी नव्हती’ असे कुणी सांगितले, तर आपण बोलणाऱ्याच्या आवाजातल्या जोरावरून आणि बाजारपेठेच्या माहितीवरून अर्थ लावतो. सिद्धतेत आवाज नसतो. म्हणून विद्यार्थ्यांनी आरंभी तरी नकार नेहमी ‘असे नाही की’ या शब्दांनी सुरू करावा आणि मग तो एकेक पायरी आत ढकलावा, असे माझे ठाम मत आहे. ‘असे नाही की प्रत्येक संख्येचा वर्ग धन असतो’ यात संदिग्धता उरत नाही. पुढची पायरी, ‘अशी एक संख्या आहे की असे नाही की तिचा वर्ग धन आहे.’ शेवटची पायरी, ‘अशी एक संख्या आहे की तिचा वर्ग शून्य किंवा ऋण आहे.’ भाषा बोजड होते, पण चूक होत नाही.

उलट दिशेनेही तसेच. ‘अशी एक परिमेय संख्या आहे, जिचा वर्ग २ आहे’ याचा नकार ‘प्रत्येक परिमेय संख्येचा वर्ग २ पेक्षा वेगळा असतो.’ ‘प्रत्येक’ आत शिरताना ‘असा एक’ होतो, आणि ‘असा एक’चा ‘प्रत्येक’ होतो. यात कामाची वाटणीही बदलते. ‘प्रत्येक’ असलेले विधान पाडायला एकच उदाहरण पुरते. ऑयलरने १७६९ साली मांडले होते की पाचवा घात हा चार पाचव्या घातांच्या बेरजेइतका कधीच येणार नाही. हे त्याच्या एका व्यापक अंदाजातून निघणारे विधान होते. १९६६ साली लँडर आणि पार्किन यांनी संगणकाच्या मदतीने २७, ८४, ११० आणि १३३ या चार संख्या काढल्या. त्यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी होते. जवळपास दोनशे वर्षांचा अंदाज तिथेच संपला. पण ‘असा एक आहे’ हे विधान पाडायचे, तर उदाहरणांच्या राशी घालूनही उपयोग नाही. तिथे सगळ्यांना एकत्र लागू पडणारा युक्तिवादच हवा, जसा २ च्या वर्गमुळाबाबत आपण शाळेत शिकतो.

आता एक चूक, जी मला उत्तरपत्रिकांत सर्वाधिक दिसते. विधान असते ‘शून्यापेक्षा मोठ्या प्रत्येक ε साठी अमुक घडते.’ नकार लिहिताना विद्यार्थी ‘शून्यापेक्षा मोठा’ याचाही नकार करतो आणि लिहितो, ‘असा एक ε आहे, जो शून्य किंवा शून्यापेक्षा लहान आहे…’ असे करायचे नाही. ‘शून्यापेक्षा मोठा’ हे कुठल्या संख्यांबद्दल बोलणे चालले आहे ते सांगते. तो त्या बोलण्याचा पल्ला आहे, आणि नकारात पल्ला बदलत नाही. ‘या वर्गातली प्रत्येक मुलगी सायकलने येते’ हे खोटे ठरवायचे असेल, तर सायकलने न येणारी मुलगी याच वर्गात शोधावी लागेल. शेजारच्या वर्गातला मुलगा दाखवून काही सिद्ध होत नाही. तर्काच्या भाषेत सांगायचे, तर मूळ विधान ‘ε > ० असेल तर अमुक’ असे आहे. ‘जर-तर’ विधान खोटे ठरते, तेव्हा ‘जर’चा भाग खरा असतो आणि ‘तर’चा भाग खोटा. म्हणून ‘जर’चा भाग नकारातही जसाच्या तसा राहतो.

इथेच आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो, जी नव्या विद्यार्थ्याला फसवाफसवी वाटते. ‘या वर्गातला दहा फूट उंचीचा प्रत्येक विद्यार्थी संस्कृत बोलतो’ हे विधान गणितात खरे धरतात. का, तर त्याचा नकार आहे ‘या वर्गात दहा फूट उंचीचा असा एक विद्यार्थी आहे, जो संस्कृत बोलत नाही.’ असा विद्यार्थी नाहीच, म्हणून नकार खोटा आणि मूळ विधान खरे.

एकाच वाक्यात ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ दोन्ही आले की खरे काम सुरू होते. ‘प्रत्येक संख्येपेक्षा मोठी अशी एक संख्या असते’ हे वाक्य वाचा. तुम्ही कोणतीही संख्या सांगा, मी तिच्याहून मोठी सांगतो, असा अर्थ घेतला तर ते खरे आहे. एकच अशी प्रचंड संख्या आहे, जी सगळ्यांना पुरून उरते, असा अर्थ घेतला तर ते खोटे आहे. फरक फक्त क्रमाचा. पहिल्यात माझी संख्या तुमच्या संख्येनंतर ठरते, म्हणून ती तुमच्या संख्येवर अवलंबून राहू शकते. दुसऱ्यात मला आधी बोलावे लागते आणि मग तुमची कोणतीही संख्या झेलावी लागते.

हा क्रम किती महागात पडू शकतो, याचा पुरावा गणिताच्या इतिहासातच आहे. १८२१ साली फ्रेंच गणिती कोशीने आपल्या पाठ्यपुस्तकात एक प्रमेय दिले: संतत फलनांची श्रेणी अभिसारी असेल, तर तिची बेरीजही संतत असते. संतत म्हणजे ज्याच्या आलेखात कुठे उडी नाही असे. पाच वर्षांनी, १८२६ साली, आबेलने एका तळटीपेत लिहिले की या प्रमेयाला अपवाद आहेत. त्याने साइन फलनांची अशी श्रेणी दाखवली, जिची प्रत्येक बेरीज-पायरी संतत आहे, पण अंतिम बेरजेच्या आलेखात उड्या आहेत. कोशीच्या युक्तिवादात ‘प्रत्येक x साठी असा एक N आहे’ आणि ‘असा एक N आहे, जो प्रत्येक x साठी चालतो’ या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या नव्हत्या. सिद्धतेला दुसरी लागत होती, गृहीतकात मात्र पहिलीच लिहिलेली होती. कोशीने नंतर, १८५३ साली, आपले विधान दुरुस्त करून पुन्हा मांडले. दुसऱ्या, कडक अटीला आज एकसमान अभिसरण म्हणतात. इतिहासातल्या या काळात ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांची चिन्हे अजून जन्मली नव्हती. ‘असा एक’चे ∃ हे चिन्ह पेआनोने १८९७ साली वापरले आणि ‘प्रत्येक’चे ∀ हे गेन्ट्झेनने थेट १९३५ साली.

आबेलची श्रेणी जरा अवघड आहे. तीच गोष्ट सोप्या उदाहरणात पाहता येते. ० ते १ मधली, पण १ सोडून, कोणतीही संख्या x घ्या आणि तिचे घात करत चला: x, x², x³, पुढे xⁿ. हे घात शून्याकडे जातात. किती लवकर जातात, ते x वर ठरते. x = ०.९ असेल, तर ७ व्या घाताला उत्तर अर्ध्याच्या खाली उतरते. x = ०.९९ असेल, तर त्यासाठी ६९ वा घात लागतो. ०.९९९ ला ६९३ वा लागतो. प्रत्येक x कधी ना कधी अर्ध्याखाली जातो, पण एकाची जितकी वाट पाहावी लागते, त्याच्या दहापट दुसऱ्याची.

दोन विधाने शेजारी मांडू. पहिले, साधे अभिसरण:

∀x ∀ε > ० ∃N ∀n ≥ N : xⁿ < ε

दुसरे, एकसमान अभिसरण:

∀ε > ० ∃N ∀x ∀n ≥ N : xⁿ < ε

अक्षरे तीच आहेत. पहिल्यात N च्या आधी x येऊन गेला आहे, म्हणून प्रत्येक x साठी वेगळा N चालतो: ७, ६९, ६९३. दुसऱ्यात N आधी जाहीर करावा लागतो आणि x नंतर येतो. पहिले विधान खरे आहे, दुसरे खोटे. पण ‘खोटे आहे’ असे नुसते म्हणून परीक्षेत गुण मिळत नाहीत, ते सिद्ध करावे लागते. त्यासाठी दुसऱ्या विधानाचा नकार लिहावा लागतो.

डावीकडून सुरुवात करू. ‘असे नाही की’ पुढे ढकलत जायचे. ∀ε चे ∃ε झाले, ‘ε > ०’ तसेच राहिले. मग ∃N चे ∀N झाले. ∀x चे ∃x झाले. ∀n चे ∃n झाले, ‘n ≥ N’ तसेच राहिले. शेवटी ‘नाही’ आतल्या असमानतेला जाऊन भिडले आणि xⁿ < ε चे xⁿ ≥ ε झाले. इथेही जपायचे: ‘पेक्षा लहान’चा नकार ‘पेक्षा मोठा’ हा नसून ‘पेक्षा मोठा किंवा तितकाच’ हा आहे. हाती आले ते असे:

∃ε > ० ∀N ∃x ∃n ≥ N : xⁿ ≥ ε

एकच चाल पुन्हा पुन्हा केली आणि ‘नाही’ शेवटच्या असमानतेपर्यंत पोचवले. अक्षरांचा क्रम कुठेही बदलला नाही.

हे नकाराचे वाक्य म्हणजे आता सिद्धतेत कोणी काय करायचे याची यादीच आहे. जिथे ∃ आहे, ती गोष्ट मी निवडून द्यायची. जिथे ∀ आहे, ती समोरचा देणार आणि मी ती स्वीकारायची. क्रम डावीकडून उजवीकडे. म्हणजे मी आधी एक ε जाहीर करायचा. मग समोरचा त्याला हवा तो N देणार, हवा तितका मोठा. मग त्याचा N पाहून मी x आणि n निवडायचे.

ε = १/२ घेतो. समोरच्याने कोणताही N दिला. मी n = N घेतो, हे चालते कारण N ≥ N. आता मला असा x हवा, जो १ पेक्षा लहान आहे आणि ज्याचा N वा घात निदान १/२ आहे. १/२ चे N वे मूळच घेतो. ते ० आणि १ च्या मध्ये असते आणि त्याचा N वा घात नेमका १/२ येतो. म्हणून xⁿ = १/२ ≥ ε. सिद्ध झाले. समोरच्याने N = १० दिला, तर माझा x सुमारे ०.९३३ आहे. N = १०० दिला, तर सुमारे ०.९९३१. N = १००० दिला, तर सुमारे ०.९९९३. त्याचा N वाढत गेला की माझा x १ च्या आणखी जवळ सरकतो, पण १ च्या अलीकडेच राहतो.

या सिद्धतेत चुका कुठे होतात ते पाहण्यासारखे आहे, कारण त्या सगळ्या क्रमाच्याच चुका आहेत. एक विद्यार्थी लिहितो, ‘x = ०.९ घेऊ.’ त्याने x निवडला N च्या आधी. समोरच्याने N = ७ दिला की ७ आणि त्यापुढचा प्रत्येक घात अर्ध्याखाली आहे, आणि विद्यार्थ्याकडे दुसरा डाव उरत नाही. x निवडायचा हक्क त्याला N कळल्यावर मिळतो. तो त्याने आधीच खर्च करून टाकला. दुसरा विद्यार्थी याच्या उलट करतो. तो लिहितो, ‘ε = १/N घेऊ.’ ही चूक जास्त धोक्याची आहे, कारण तिने सिद्धता मोडलेली दिसत नाही, उलट जुळलेली दिसते. पण ε तर N च्या आधी जाहीर करायचा आहे. त्यात N येऊच शकत नाही.

ही चूक ओळखायची कशी? तीच युक्ती अशा ठिकाणी वापरून पाहावी, जिथे एकसमान अभिसरण खरोखर आहे. ० ते १ या अंतरालावर x/n हे फलन घ्या. कोणताही x असो, x/n हे १/n पेक्षा मोठे नसते, त्यामुळे एकच N सगळ्यांना पुरतो. आता त्या विद्यार्थ्याच्या पद्धतीने ε = १/N, x = १ आणि n = N घेऊ. x/n = १/N ≥ ε. म्हणजे ज्याचे एकसमान अभिसरण होते, त्याचेही ‘होत नाही’ असे ‘सिद्ध’ झाले! जी पद्धत खोट्या गोष्टीही सिद्ध करते, ती बाद. मी विद्यार्थ्यांना एक साधी सवय लावतो: ∃ मधून आलेली प्रत्येक संख्या लिहिली की तिच्या सूत्रातली अक्षरे पाहायची. त्यात फक्त डावीकडे आधी येऊन गेलेलीच अक्षरे असली पाहिजेत. वरच्या बरोबर सिद्धतेत ε च्या सूत्रात एकही अक्षर नाही, आणि x च्या सूत्रात N आहे, जो आधी आलेला आहे. क्रम बरोबर आहे.

अंतराल थोडे आखडले की चित्र बदलते, हेही सांगायला हवे. x ला ० ते ०.९ एवढीच मोकळीक दिली, तर माझी सिद्धता कुठे अडते? समोरच्याने N = ६ दिला, तर १/२ चे सहावे मूळ सुमारे ०.८९१ आहे, ते चालते. N = ७ दिला, तर सातवे मूळ सुमारे ०.९०६, ते ०.९ च्या पलीकडे गेले. आता माझ्याकडे निवडायला x उरला नाही. ε लहान घेऊन फक्त वेळ लांबते, कारण ०.९ चे घात कधी तरी त्याही खाली जातात आणि बाकीचे सगळे x त्याच्याआधीच खाली गेलेले असतात. इथे नकार खोटा आहे आणि एकसमान अभिसरण खरे. ‘प्रत्येक x’ म्हणताना पल्ला कोणता, हे लिहिणे म्हणूनच टाळता येत नाही. पल्ला बदलला की त्याच वाक्याचे खरेखोटेपण बदलते.

हे स्वतः करून पाहायचे असेल, तर पहिल्याच सत्रात भेटणारे हे विधान घ्या: ‘x² हे फलन सर्व वास्तव संख्यांवर एकसमान संतत आहे’, म्हणजे

∀ε > ० ∃δ > ० ∀x ∀y : |x − y| < δ असेल, तर |x² − y²| < ε

हे विधान खोटे आहे. त्याचा नकार वहीत उतरवा. आतल्या ‘जर-तर’चा नकार करताना ‘जर’चा भाग तसाच राहील, तिकडे लक्ष द्या. मग ε = १ जाहीर करा, समोरचा δ येऊ द्या, आणि x = १/δ, y = x + δ/२ घेऊन दोन्ही असमानता ताळून पाहा. x आणि y च्या सूत्रांत δ आहे, ε च्या सूत्रात नाही. |x − y| येते δ/२, आणि |x² − y²| येते १ + δ²/४, म्हणजे १ पेक्षा जास्त.